अनुभव धागा: "१५ मिनिटांत ५०%" तुमच्या घरी किती मिनिटांत होतं?

सातपूर_पहिलीपाळी

एप्रिलमध्ये एमजी रोडवरून नवा फोन घेतला. पहिली पाळी असली की मी पावणेसहाला घर सोडते आणि रात्री फोन चार्जिंगला लावायचं हमखास राहून जातं. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत "१५ मिनिटांत ५०%" होतं, म्हणून ठरवलं की हाच घ्यायचा. चहा होईस्तोवर अर्धा फोन भरेल, असा माझा हिशोब.

काल दुपारी तो २२ टक्क्यांवर असताना ओट्याशेजारी लावला. २० मिनिटांनी बघते तर ३५. मग खोका काढून तारा असलेली बारीक ओळ वाचली. कंपनीच्या प्रयोगशाळेत, २५ अंश तापमानात, फोन १ टक्क्यावर असताना, स्क्रीन बंद ठेवून, सोबतचा अडॅप्टर आणि सोबतचीच केबल वापरून, सेटिंगमधला जलद चार्जिंगचा पर्याय चालू करून. एवढं सगळं जुळलं तर १५ मिनिटं.

तुमच्याकडे काय होतं ते लिहा. किती टक्क्यांवर लावला, किती वेळाने किती झाला, अडॅप्टर-केबल कुठली, फोन कुठे ठेवला होता. नुसतं "माझा पटकन होतो" असं नको.

जेलरोड_निवृत्त

ताई, हा व्होल्टेजचा दोष आहे. मी वीज खात्यात ३१ वर्षं काढली. आमच्या भागात संध्याकाळी १९०-१९५ व्होल्ट येतात. कंपनीने चाचणी पूर्ण २३० वर घेतली असणार. रात्री अकरानंतर लावून बघा, फरक दिसेल.

गंगापूररोड_डिलिव्हरी

माझा अनुभव रस्त्यावरचा आहे. फोन स्कूटरच्या हँडलला, नकाशा चालू, नेट चालू, वर ऊन. पॉवर बँकवर २२.५ वॉट छापलंय. गंगापूर रोडवरून द्वारकेपर्यंत २५ मिनिटांत ९ टक्के वाढले. मेमध्ये तर दोनदा फोननेच सांगितलं की तापमान जास्त आहे, चार्जिंग थांबवलं आहे.

आता मी गाडी चालवताना लावतच नाही. हॉटेलात ऑर्डरची वाट बघतो तेव्हा कव्हर काढून, स्क्रीन बंद करून, सावलीत १० मिनिटं लावतो. रस्त्यावरच्या अर्ध्या तासापेक्षा त्या १० मिनिटांत जास्त भरतो.

एमजीरोड_दुरुस्ती

सातपूरच्या ताईंचे आकडे चांगले आहेत, त्यातूनच उत्तर निघतं. तुमची बॅटरी ५००० एमएएचची असेल, म्हणजे साधारण १९ वॉट-तास. २२ वरून ३५ म्हणजे १३ टक्के, म्हणजे अडीच वॉट-तास. ते २० मिनिटांत गेले, म्हणजे तासाला साडेसात. बॅटरीत सरासरी साडेसात वॉट जात होते. स्क्रीन आणि नेटचा खर्च धरला तर हा सरळ सरळ जुन्या साध्या १० वॉटच्या चार्जरचा वेग आहे. तुमचा फोन जलद चार्जिंगमध्ये गेलाच नव्हता.

उन्हाने मंद होणारा फोन वेगळा वागतो. तो आधी भराभर चढतो, पाच-सात मिनिटांनी तापतो आणि मग रेंगाळतो. पहिल्या मिनिटापासून एकसारखा संथ असेल तर गरमीला दोष देऊ नका, अडॅप्टर आणि केबल बघा. फोन आणि अडॅप्टर आधी एकमेकांना ओळखतात, किती व्होल्ट आणि किती अँपियर घ्यायचे ते ठरवतात. ही ओळख पटली नाही तर दोघेही साध्या वेगावर येतात. फोन बिघडलेला नसतो, चार्जिंग चालू दिसतं, म्हणून लोकांना कळत नाही.

केबलमध्ये फार जण फसतात. साधी टाइप-सी केबल ३ अँपियरपर्यंतच धरली जाते. काही कंपन्यांचे ६५ वॉट हे १० व्होल्ट आणि ६.५ अँपियर असे असतात, त्यासाठी त्यांची स्वतःची जाड केबल लागते. दिसायला दोन्ही सारख्याच. दुसऱ्या कंपनीचा १०० वॉटचा लॅपटॉप चार्जर लावला तरी फोनला त्याची भाषा कळत नसेल तर उपयोग नाही. माझ्या काउंटरवर आठवड्याला चार-पाच जण "बॅटरी बदला" म्हणून येतात आणि नुसती केबल बदलून जातात.

काका, व्होल्टेजबद्दल. अडॅप्टरवर बारीक अक्षरात १००-२४० व्होल्ट छापलेलं असतं, बघा. १९० ला तो तेवढाच देतो.

जेलरोड_निवृत्त

छापलेलं वाचलं. ठीक आहे, १९० वर चालतो हे मान्य. पण आमच्या घरी इन्व्हर्टरवर फोन सावकाश भरतो हे मी स्वतः पाहिलंय आणि अडॅप्टर तोच असतो. त्याचं कारण मला अजून कोणी दिलेलं नाही.

एमजीरोड_दुरुस्ती

लाइट गेल्यावर पंखाही बंद असतो का? खोली तापते, आणि माणसं वेळ जावा म्हणून फोन हातात घेऊन बसतात. इन्व्हर्टर तपासल्याशिवाय याहून जास्त सांगता येणार नाही.

इंदिरानगर_स्कूटर

माझी इलेक्ट्रिक स्कूटर आहे. शोरूममध्ये ० ते ८० टक्क्यांचा वेळ सांगितला, १०० चा विचारला तर माहिती काढून सांगतो म्हणाले. घरी शेवटच्या २० टक्क्यांनाच खूप वेळ जातो. हे सगळ्या गाड्यांचं असंच आहे का?

सातपूर_पहिलीपाळी

दादा, हा धागा फोनचा आहे. पण ८० पर्यंतचाच वेळ सांगायचा, हे मात्र इथे लागू पडतं.

कॉलेजरोड_हॉस्टेल

मी इलेक्ट्रॉनिक्सला आहे आणि माझ्याकडे त्याच जाहिरातीचा फोन आहे, खोक्यावर ६७ वॉट. दोन रात्री मोजलं. पहिल्या रात्री सगळ्या अटी पाळल्या. १ टक्क्यावर आणला, पंख्याखाली टेबलावर, कव्हर काढून, विमान मोडवर, त्यांचीच केबल. ५ मिनिटांनी १८, १० ला ३४, १५ ला ४८, २० ला ६१. अर्ध्या तासाला ८०. तिथून १०० व्हायला आणखी २२ मिनिटं लागली.

म्हणजे दावा जवळपास खरा निघाला. पण बघा, पहिला अर्धा भाग १६ मिनिटांत आणि दुसरा अर्धा ३६ मिनिटांत. जाहिरातीत ५० टक्क्यांपर्यंतचाच वेळ का देतात, ते इथे कळलं.

आणखी एक. अर्धी बॅटरी म्हणजे साडेनऊ वॉट-तास. ते पाव तासात भरायला सरासरी ३८ वॉट लागतात. ६७ हा आकडा सुरुवातीच्या थोड्या वेळाचा आहे, पूर्ण वेळाचा नाही. माझ्याकडच्या यूएसबी मीटरने ही केबल धड चालत नाही, म्हणून आत नक्की किती वॉट जात होते ते मला दाखवता येत नाही. टक्केही फोनच सांगतो, तो किती खरं बोलतो हाही प्रश्न आहेच.

दुसऱ्या रात्री फोन गादीवर ठेवला, कव्हरसकट, आणि व्हिडिओ बघत बसलो. १५ मिनिटांत १ वरून २९.

एमजीरोड_दुरुस्ती

बरोबर मोजलंय. नळाखाली हंडा लावला की आधी पूर्ण नळ सोडतो, गळ्याशी पाणी आलं की बारीक करतो. बॅटरीचं तेच. सुरुवातीला प्रवाह भरपूर घेता येतो. व्होल्टेज त्याच्या मर्यादेला पोचलं की ते तिथेच धरून प्रवाह कमी कमी करत न्यावा लागतो. तेव्हा जोर लावला तर बॅटरी तापते आणि लवकर मरते. शेवटची २२ मिनिटं ही कंपनीची चूक नाही, ती तशीच हवीत.

पंचवटी_शिक्षिका

मी ३४ वर्षं मराठी शिकवलं, म्हणून माझं लक्ष भाषेकडे गेलं. रविवारच्या मराठी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात होती. दावा मराठीत, ठळक. तळाशी तारा असलेली ओळ इंग्रजीत, भिंगाशिवाय दिसणार नाही इतकी बारीक. आमच्या शेजारच्या भाजीवाल्या ताईंनी तीच जाहिरात बघून मुलाला फोन घेतला. त्यांना ती ओळ कोण वाचून दाखवणार?

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत लिहिलंय की खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा आणि दाव्यासारख्याच अक्षरांत हवा. खुलाशाने मुख्य दाव्याला छेद देऊ नये, असंही आहे. मी जाहिरातीचं कात्रण ठेवलं, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली आणि क्रमांक घेतला. पुढे काय झालं ते कळलं की इथे लिहीन.

कॉलेजरोड_हॉस्टेल

शिक्षिका ताई, कुठलाही दावा कुठल्या तरी अटींवर मोजावाच लागेल ना? २५ अंश ही अट मला चुकीची वाटत नाही.

पंचवटी_शिक्षिका

अट चुकीची आहे असं मी म्हणत नाही. ती वाचता यावी, एवढंच म्हणते. नाशिकला मेमध्ये दुपारी ४० अंश असतात, हे तर विकणाऱ्यालाही ठाऊक आहे.

निफाड_द्राक्ष

सगळे उन्हाचं बोलताहेत, म्हणून थंडीचं सांगतो. जानेवारीत पहाटे बागेत पाणी सोडायला जातो. आमच्याकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो. मोटारीच्या खोलीत रात्रभर राहिलेला गार फोन तिथेच लावला तर कंपनीचा चार्जर असूनही अर्ध्या तासात जेमतेम २० टक्के चढतात. तोच फोन स्वेटरच्या आतल्या खिशात थोडा वेळ ठेवून मग लावला की नेहमीसारखा भरतो. मी चार्जर खराब म्हणून बदलून आणला होता, पैसे वाया गेले.

एमजीरोड_दुरुस्ती

गारठलेल्या बॅटरीत जोरात प्रवाह सोडला तर ती आतून कायमची खराब होते, म्हणून फोन स्वतःच वेग उतरवतो. तुमचा चार्जर ठणठणीत होता, दादा. खिशाचा उपाय योग्य आहे. चुलीजवळ वगैरे ठेवू नका.

सिडको_आई

रोज असं भराभर चार्ज केल्याने बॅटरी लवकर जाते का? मुलाचा फोन दोन वर्षांत संध्याकाळपर्यंत टिकेनासा झालाय.

एमजीरोड_दुरुस्ती

माझ्याकडे येणाऱ्या फुगलेल्या बॅटऱ्यांत जास्त फोन तापवून वापरलेले असतात, चार्जिंगला लावून गेम खेळणारे. काही कंपन्या बॅटरीचे दोन भाग करून उष्णता वाटून घेतात, तिथे त्रास कमी दिसतो. पण नुसत्या वेगाने किती झीज होते हे मी दुकानात बसून वेगळं काढू शकत नाही. मुलगा चार्जिंगला लावून खेळतो का ते आधी बघा.

सातपूर_पहिलीपाळी

शोध लागला. अडॅप्टर नव्या फोनचाच होता, पण केबल ह्यांच्या जुन्या फोनची. नवी केबल ते गाडीत घेऊन गेले होते. काल रात्री दहाला ती परत आणली, हॉलमध्ये पंख्याखाली फोन २२ टक्क्यांवर लावला. १५ मिनिटांत ५८. लॉक स्क्रीनवर "जलद" असं लिहून आलं, जे त्या दुपारी आलं नव्हतं.

३६ टक्के वाढले. हॉस्टेलच्या मुलाच्या आकड्यांवरून बघितलं तर २२ पासून १५ मिनिटांत ४० च्या आसपास वाढायला हवे होते. आमच्या हॉलमध्ये रात्रीही ३२ अंश होते आणि नेट चालू होतं. सेटिंगमधला तो जलदचा पर्याय मला अजून सापडलेला नाही. ज्यांच्याकडे हा फोन आहे त्यांनी तो नक्की कुठे आहे ते सांगा, आज रात्री चालू करून परत मोजते.