हातात बाटली द्यायला दोन हजार?

लेबलबहाद्दर: लाकडी घाण्याच्या तेलाची बाटली एका फोटोत, बाई दुसऱ्या फोटोत. फोटोशॉपमध्ये बाटली कापली, हातावर ठेवली, अंगठा मास्क करून वर आणला, ड्रॉप शॅडो दिली. दहा मिनिटं. याचे लोक दोन हजार मागतात. लूट आहे!

सावलीवाली: तुम्ही टाकलेला फोटो पाहिला म्हणूनच लिहितेय. दहा मिनिटं लागली हे दिसतंच आहे. अंगठा वर आलाय खरा, पण तो काचेला लागलेलाच नाही. वस्तू घट्ट धरली की बोटाचं पेर चपटं होतं आणि नखाखालचा गुलाबी रंग उडून पांढरट पट्टा येतो. तुमच्या बाईच्या हातात फोटो काढताना काहीच नव्हतं, त्यामुळे तिची बोटं गोल गरगरीत आहेत. वर ती ड्रॉप शॅडो! ती सगळीकडे सारखीच पसरते, म्हणून बोट हवेत तरंगतं. खरी सावली जिथे कातडी काचेला टेकते तिथे केसाएवढी आणि सगळ्यात गडद असते, मग लगेच विरते. मी दोन लेयर करते, दोन्ही मल्टिप्लायवर: एक बारीक रेघ, जेमतेम दोन-तीन पिक्सेल ब्लर, दुसरा पसरट आणि फिका. रंग काळा नाही, त्याच बोटाच्या अंधाऱ्या बाजूचा तपकिरी उचलायचा.

लेबलबहाद्दर: ग्राहक नखं बघायला येत नाही, ताई.

घाणामालक: ग्राहक बघतो हो! माझ्या अर्ध्या लिटरच्या बाटलीचा असाच फोटो एकाने करून दिला. तीन जणांनी बाटली परत पाठवली, "फोटोत लिटरची वाटली" म्हणून. दोन्ही बाजूंचं कुरिअर माझ्या माथी, त्यात एक फुटली. खोक्यातून तेल गळत आलं. करणारा म्हणतो, मी आकार बदललाच नाही.

सावलीवाली: बदलला असणार, त्याच्याही नकळत. मूळ फोटोत हातात बरणी असेल. पकड रुंद, म्हणून ती भरेपर्यंत त्याने बाटली ताणली. तुमची बाटली सात सेंटीमीटर रुंद आहे ना? बाईच्या अंगठ्याचं नख साधारण सव्वा ते दीड. म्हणजे बाटलीच्या रुंदीत पाचेक नखं बसायला हवीत. मोजा बरं.

घाणामालक: सात बसली.

कॉलेजातला_फिजिक्स: प्रकाशाची दिशा एक ठेवा, बाकी सगळं माफ असतं. आणि तेल पारदर्शक आहे, म्हणजे मागची बोटं डावी-उजवी उलटी दिसली पाहिजेत. दंडगोल भिंग. हे कोणीच करत नाही.

सावलीवाली: प्रकाशाचं अर्धं बरोबर. प्रकाश जुळूनही बोट तरंगतंच. बोटं उलटी मात्र होत नाहीत.

कॉलेजातला_फिजिक्स: प्रॅक्टिकलला पेन्सिल उलटी फिरलेली पाहिलीय. वाद घालू नका.

सावलीवाली: पेन्सिल ग्लासापासून लांब होती, महाराज. बोट काचेला चिकटलेलं असतं, ते उलटत नाही, आडवं फुगतं. पाण्याच्या ग्लासामागे जवळपास दुप्पट रुंद, तेलात त्याहून जास्त. म्हणून मी मागची बोटं वेगळ्या लेयरवर घेऊन फक्त आडवी ताणते आणि त्यांना तेलाचा पिवळा देते.

पोळीभाजी: आत्ता ओट्यावर करून बघितलं. बोट भोपळ्याएवढं!! बोट ग्लासापासून लांब नेलं तर उलटं झालं. नवरा म्हणतो काय चाललंय.

कॉलेजातला_फिजिक्स: बरं. *चिकटलेल्या* बोटापुरतं मान्य.

सुगरणकाकू: बाटली तेलकट असली की हातातून निसटते. खाली फडकं धरावं.

लेबलबहाद्दर: काकू, खरी बाटली धरायची गोष्ट नाहीये! आणि इतकंच असेल तर त्या बाईच्या हातात सरळ बाटलीच द्या ना, दोन फोटोंचं नाटक कशाला?

सावलीवाली: एक बाटली असेल तर तेच करा, मी स्वतः सांगते. पण शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरेल, वर दर दिवाळीला नवं लेबल. दरवेळी बाईला बोलावणार? मी एकदाच त्याच मापाची जुनी बाटली करड्या कागदात गुंडाळते, आत पाणी भरते आणि ती धरायला लावते. रिकामी देऊ नका, मनगट खोटं बोलतं. नंतर खरी बाटली त्याच उंचीवरून, तितक्याच अंतरावरून टिपायची, नाहीतर झाकणाची वर्तुळं जुळत नाहीत.

लेबलबहाद्दर: माझ्याकडे बाईचा जुनाच फोटो आहे. लिक्विफायने पेर चपटं केलं तर?

सावलीवाली: थोडंसं चालेल. नखाचा पांढरा पट्टा हाताने रंगवावा लागेल. किती वेळ लागतो ते मोजा.

लेबलबहाद्दर: तासभर झाला, एकच अंगठा झालाय. खूश? तरी दोन हजार जास्तच.

घाणामालक: आणि माझ्या फुटलेल्या बाटलीचं कोण देणार?