मदत हवी आहे: बटण एकदाच दाबलं तरी काउंटर हजारोंनी पळतो (बेसिस ३, व्हेरिलॉग)

कृष्णाकाठची:
नमस्कार. मी इ अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्टसाठी टोकन काउंटर करतेय. मधलं बटण दाबलं की सेव्हन सेगमेंटवरचा आकडा एकने वाढायला हवा, बस एवढंच. बोर्ड बेसिस ३ आहे, क्लॉक १०० मेगाहर्ट्झ. काउंटर १६ बिटांचा आहे आणि आकडा हेक्समध्ये दाखवलाय.

```
always @(posedge clk)
  if (btn) cnt <= cnt + 1;
```

बटण दाबून ठेवलं की चारही घरांत मंद 8888 दिसतं, आणि सोडलं की 3A7C, B019 असा कुठलाही आकडा उरतो. सिम्युलेशनमध्ये मात्र अगदी बरोबर चालतंय. तिथे मी btn एकाच क्लॉकपुरता १ केला होता. प्रत्यक्षात बोटाने तसं कसं करायचं? मंगळवारी डेमो आहे.

रानमेवा:
हा बाउन्सिंगचा प्रश्न आहे ताई. मी ठिबकच्या टायमरला अर्डुइनो लावला होता, तिथे हेच झालं. millis() वापरून ५० मिलिसेकंद थांबायचं आणि मग पुन्हा वाचायचं. माझं काम झालं.

प्रथमेश_पी:
अर्डुइनो नाही हो, एफपीजीए आहे. सोपा उपाय सांगतो. `always @(posedge btn) cnt <= cnt + 1;` असं लिहा. बटणाच्या चढत्या कडेलाच काउंटर हलेल, कितीही वेळ दाबून ठेवा.

कृष्णाकाठची:
@प्रथमेश_पी, करून पाहिलं. व्हिवाडो प्लेसमेंटलाच थांबतो, Place 30-574 अशी एरर येते. त्याच मेसेजमध्ये CLOCK_DEDICATED_ROUTE FALSE करा असं सुचवलं होतं. तसं केल्यावर बिटस्ट्रीम झाली, पण आकडा एका दाबाला कधी २, कधी ५ ने वाढतो.

जुना_सोल्डर:
ती ओळ काढून टाक. टूल अडवत होतं ते योग्यच होतं. बटणाची पिन ही क्लॉकची पिन नाही, आणि बटणाला क्लॉक केलंस की त्याची प्रत्येक थरथर हा क्लॉकचा एक ठोका होतो. तुझ्या सगळ्या फ्लिपफ्लॉपना एकच क्लॉक राहू दे.

आता मूळ गोष्ट. माणूस बटण दाबतो तेव्हा ते साधारण ०.२ सेकंद तरी दाबलेलं राहतं. १०० मेगाहर्ट्झला तेवढ्यात दोन कोटी क्लॉक होतात. तुझा काउंटर ६५,५३६ ला पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे एका दाबात तीनशेहून जास्त फेऱ्या मारून कुठेतरी थांबतो. उरलेला आकडा म्हणूनच कसाही येतो. यात बाउन्सचा संबंध अजून आलेलाच नाही. बटण अगदी आदर्श असतं तरी हेच झालं असतं.

तुला "बटण दाबलेलं आहे का" हे विचारायचं नाहीये. "आत्ता दाबलेलं आहे आणि मागच्या क्लॉकला नव्हतं, असं आहे का" हे विचारायचंय. मागच्या क्लॉकची आठवण ठेवायला एक फ्लिपफ्लॉप पुरतो.

```
always @(posedge clk) begin
  d <= btn;
  if (btn & ~d) cnt <= cnt + 1;
end
```

कागदावर चालवून बघ. बटण दाबायच्या आधी btn ० आणि d ०, AND चं उत्तर ०. दाबलं की btn १ होतो, d अजून ०, उत्तर १. पुढच्या कडेला दोन गोष्टी एकदम होतात: काउंटर एकने वाढतो आणि d १ होतो. d १ झाला की उत्तर लगेच ०. मग तू बटण तासभर धरून बस, d तिथेच आहे. सोडल्यावर btn ० आणि d १, तरी उत्तर ०. पुढच्या कडेला d पण ० होतो आणि सर्किट पुढच्या दाबाला तयार.

हे मी मुद्दाम अर्धंच दिलंय. चालवून बघ आणि काय दिसतं ते नीट लिही.

लोकल_८_१७:
काका, माझंही जरा बघाल का? घरी ब्रेडबोर्डवर अगदी हेच केलंय: 74HC74 मधला एक फ्लिपफ्लॉप, 74HC08 चा एक AND गेट, आणि क्लॉक ५५५ चा, सेकंदाला एक. AND च्या आउटपुटला एलईडी आहे. एलईडी बरोबर एक सेकंद लागायला हवा ना? माझा कधी पाव सेकंद लागतो, कधी जवळजवळ पूर्ण सेकंद. ५५५ बदलून पाहिला, फरक नाही.

कृष्णाकाठची:
केलं काका. 8888 गेलं! आता एका दाबाला बहुतेक वेळा १ ने वाढतो, अधूनमधून २, ३. पण एक विचित्र गोष्ट दिसली. 001F होता, दाबल्यावर 0020 यायला हवं होतं, आलं 0010. म्हणजे आकडा मागे गेला. दीड-दोन तासांत असं दोनदा झालं. तेव्हा फोनवर व्हिडिओ चालू होता म्हणून खात्रीने सांगते.

प्रथमेश_पी:
मेटास्टेबिलिटी. दोन फ्लॉपचा सिंक्रोनायझर टाका.

जुना_सोल्डर:
उपाय बरोबर, पण त्यामागचं कारण मला वेगळं वाटतं. आधी @लोकल_८_१७ यांचा एलईडी बघू, कारण त्यांना जे डोळ्यांनी दिसतंय तेच हिच्या बोर्डात नॅनोसेकंदांत घडतंय.

तुमचं बोट क्लॉकला विचारून बटण दाबत नाही. कडेनंतर ०.७ सेकंदाने दाबलंत तर एलईडी तेव्हाच लागतो आणि पुढच्या कडेला, म्हणजे ०.३ सेकंदातच, विझतो. पल्स संपते क्लॉकवर, पण सुरू होते बोटावर. ५५५ चा काही दोष नाही. तुमच्या ७४ मध्ये दुसरा फ्लिपफ्लॉप रिकामा पडलाय, तो बटण आणि AND च्या मध्ये आणा. बटण पहिल्याच्या D ला, पहिल्याचा Q दुसऱ्याच्या D ला, आणि AND ला पहिल्याचा Q व दुसऱ्याचा उलटा Q. उलटा आउटपुट त्याच चिपवर आहे, इन्व्हर्टर लागत नाही. आता सुरुवात आणि शेवट दोन्ही क्लॉकवर होतील, आणि एलईडी बरोबर एक पिरियड लागेल.

आता @कृष्णाकाठची. तुझा पिरियड १० नॅनोसेकंद. बटण कडेच्या आधी ७ नॅनोसेकंद चढलं तर पल्स ७ ची, सगळं ठीक. पण ते कडेच्या अगदी तोंडावर चढलं तर ती बारीकशी पल्स काउंटरच्या सगळ्या बिटांपर्यंत एकाच वेळी पोचत नाही. आर्टिक्स ७ मध्ये असा काउंटर चार-चार बिटांचे गट करून वेगवेगळ्या स्लाइसमध्ये बसतो, म्हणजे तुझ्या डिस्प्लेचं एकेक घर एकेका स्लाइसमध्ये. खालच्या घराला "वाढ" हे वेळेत कळलं, तो F चा 0 झाला. वरच्या घराला उशिरा कळलं, तो 1 वरच राहिला. 001F चं 0010 झालं ते असं. म्हणूनच हे तुला F वरून पुढे जातानाच दिसलं असणार. एरवी वरचं घर हलतच नाही.

प्रथमेश_पी:
पण हे मेटास्टेबिलिटीने झालं नाही कशावरून?

जुना_सोल्डर:
नुसत्या डिस्प्लेवरून सिद्ध करता येणार नाही, मान्य. पण एकच असिंक्रोनस सिग्नल अनेक फ्लॉपनी वेगवेगळा वाचणं हे कितीतरी जास्त वेळा घडतं, आणि त्यासाठी एकही फ्लॉप अधांतरी लटकावा लागत नाही. बाहेरचा सिग्नल आत येताना एकाच फ्लॉपने वाचायचा आणि बाकीच्यांनी त्या फ्लॉपचं ऐकायचं. दुसरा फ्लॉप मागे लावायचा तो मेटास्टेबिलिटीसाठी.

उरले ते अधूनमधूनचे २ आणि ३. तो खरा बाउन्स, @रानमेवा यांचं इथे बरोबर. एज डिटेक्टर प्रामाणिक आहे, पत्र्याच्या तीन थरथरींना तो तीन पल्स देतो. म्हणून त्याच्या आधी बटण दर १० मिलिसेकंदांनी एकदाच बघ. २० बिटांचा काउंटर १०० मेगाहर्ट्झला १०.४९ मिलिसेकंदांत एक फेरी पूर्ण करतो. थरथर त्याहून लवकर संपत असेल तर तिच्यात फार तर एकच नमुना सापडतो. तो ० वाचला काय नि १ वाचला काय, पुढचा पक्का १ असतो, म्हणून चढण एकदाच दिसते.

कृष्णाकाठची:
सगळं टाकलं. आता आकडा हलतच नाही! दाबलं की डिस्प्ले क्षणभर लुकलुकल्यासारखा वाटतो आणि तोच आकडा परत. s1, s2 सिंक्रोनायझरचे, t वीस बिटांचा.

```
s1 <= btn;  s2 <= s1;  t <= t + 1;
if (t == 0) begin
  q <= s2;
  d <= q;
end
if (q & ~d) cnt <= cnt + 1;
```

जुना_सोल्डर:
लुकलुकतो हे लिहिलंस ते फार बरं केलंस. काउंटर हलतोय, भरपूर हलतोय. d ला तू if च्या आत घातलंस, म्हणून त्यालाही बातमी पुढच्या नमुन्यालाच मिळते. पल्स एका क्लॉकची न होता २ चा २० वा घात, म्हणजे १०,४८,५७६ क्लॉकची झाली. तुझा काउंटर १६ बिटांचा. १०,४८,५७६ भागिले ६५,५३६ बरोबर १६, बाकी शून्य. सोळा पूर्ण फेऱ्या मारून तो जिथून निघाला तिथेच येतो. t एकोणीस किंवा एकवीस बिटांचा असता तरी हेच दिसलं असतं.

`d <= q;` ही ओळ if च्या बाहेर काढ. q दहा मिलिसेकंदांनी बदलू दे, पण d ने त्याच्यामागून पुढच्याच क्लॉकला जायला हवं. आणि s1, s2 च्या घोषणेवर `(* ASYNC_REG = "TRUE" *)` लाव, म्हणजे टूल ते दोघे जवळजवळ ठेवेल.

कृष्णाकाठची:
झालं!! दोनशे वेळा दाबून मोजलं, डिस्प्लेवर 00C8. बरोबर दोनशे. खूप आभार काका.

एक शंका राहिली. बटण दाबून धरलेलं असतानाच बोर्ड प्रोग्रॅम केला तर सुरुवातीलाच 0001 येतं.

लोकल_८_१७:
माझाही एलईडी आता एकसारखा लागतो. पण पटकन टिचकी मारली तर काहीच होत नाही, दोन कडांच्या मध्येच बोट उठतं. आधी निदान थोडा तरी लागायचा.

प्रथमेश_पी:
@कृष्णाकाठची, d ची सुरुवातीची किंमत १ ठेवा. सुटेल.

जुना_सोल्डर:
नुसत्या d ने नाही सुटणार. q शून्यच असेल तर पहिल्याच क्लॉकला d त्याच्यामागे शून्यावर येतो, आणि दहा मिलिसेकंदांनी q चढला की पल्स निघतेच. s1, s2, q, d चौघेही १ वर सुरू कर. बटण दाबलेलं असेल तर चौघे १ वरच राहतात. नसेल तर खाली येतात, आणि उतरत्या कडेला हे सर्किट काही बोलत नाही. पण तसं दाबलेलं बटण मोजायचं की नाही हे तुझ्या टोकनच्या नियमावर आहे, तुमच्या गाइडना विचारून घे.

@लोकल_८_१७, टिचकी पकडायला बटणाने सेट होणारा आणि पल्स निघून गेल्यावर रिसेट होणारा लॅच पुढे लावावा लागेल. त्या रिसेटची वेळ नीट जमवावी लागते. सध्याच्या सर्किटची आकृती काढून इथे पोस्ट करा, मग बघू.

लोकल_८_१७:
रविवारी फोटोसकट टाकतो. ७४ अजून एक लागेल ना?