सहा आठवडे रोज गप्पा, आणि आता तिचं दुसऱ्याशी जमलं

धागाकर्ता: रोज रात्री एक वाजेपर्यंत चॅटिंग. 'तुझ्याशी बोलल्याशिवाय झोप येत नाही' हे तिचंच वाक्य. रविवारी तिनं दुसऱ्याच मुलाच्या खांद्यावर डोकं ठेवलेला फोटो टाकला. ती माझ्याशी खेळली की मीच चुकीचं समजलो?

रानवारा: खेळलीच. मनात कुणी असताना कोणी असं बोलतं का? ब्लॉक कर.

मुक्ता: रानवारा, मला नाही पटत. धागाकर्ते, भेटायचं कधी काढलंत? ती काय म्हणाली?

धागाकर्ता: तीनदा. तिन्ही वेळा 'बघू, या आठवड्यात अवघड आहे'. आवडतेस असं मात्र कधी म्हणालो नाही. कळलं असेलच ना.

मुक्ता: ज्याला भेटायचं असतं तो 'शनिवारी नाही, पण मंगळवारी चालेल?' असं म्हणतो. एकदा नाही जमत, पण तिन्ही वेळा तिनं पर्यायी दिवस सुचवला नाही. रात्रीचं बोलणं खोटं नव्हतं, तिला ते खरंच आवडत असणार. पण पलंगावर पडून बोलायला काही पणाला लावावं लागत नाही, भेटायला लागतं. आणि मधूनच मिळणाऱ्या गोड वाक्यानं ओढ आणखी वाढते, कारण पुढचं कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून तुम्हाला ती सगळी वाक्यं पाठ आहेत आणि 'बघू' विसरायला झालं.

जुना गडी: चूक याचीच. पहिल्या पंधरवड्यात विचारलं असतं तर आज फोटोत हा असता.

मुक्ता: विचारायला हवं होतं हे बरोबर. पण उत्तर 'हो'च आलं असतं हे कशावरून? कदाचित महिनाभर आधी 'नाही' कळलं असतं, इतकंच.

उंबरठा: नात्यात असताना दुसरा धरला म्हणजे फसवणूकच की! जाब विचार.

धागाकर्ता: नातं नव्हतं हो, तोच तर प्रश्न आहे.

सांजवेळ: मी त्या मुलीच्या जागी होते. दोघांशी बोलत होते. एकानं सरळ विचारलं, दुसरा छान बोलत राहिला. ज्यानं विचारलं त्याला हो म्हटलं. दुसऱ्याला मात्र सांगितलं नाही, त्याला परस्पर कळलं. ते अजून खुपतं.

रानवारा: बघा, सांगायला हवं होतं हे तुम्हीही मानता. मग तिचा दोष नाही कसा?

मुक्ता: दोष आहे. आठवडाभर आधी एक ओळ लिहिता आली असती. पण न सांगणं वेगळं आणि ठरवून खेळवणं वेगळं.

धागाकर्ता: काल रात्री तिचा मेसेज आला, 'गप्प का रे?' अजून उत्तर दिलेलं नाही.

सांजवेळ: 'मला तू आवडत होतीस, म्हणून आता रोज बोलणं जमणार नाही' एवढंच लिहा.

रानवारा: काही लिहू नकोस.