‘न वटलेला चेक’ म्हणजे नेमका कुठला?

पूर्वभागकर
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे हिशेब मी पाहतो. मालकांना सगळे कागद मराठीत लागतात, म्हणून आपल्या पुस्तकातली आणि बँकेतली शिल्लक ताडून पाहणारं दर महिन्याचं बँक जुळवणी पत्रकही मराठीतच करतो. नोव्हेंबरच्या पत्रकात मी एक ओळ लिहिली होती : ‘न वटलेले चेक – ६१,२५०’. संध्याकाळी मालकांचा फोन आला, आवाज एकदम पडलेला. “आपले चेक परत गेले? बँकेत तर पैसे होते की!” तोवर त्यांनी सूतवाल्याला फोन करून माफीसुद्धा मागितली होती. सूतवाल्याला काहीच कळेना, कारण त्याने चेक बँकेत टाकलाच नव्हता. तो त्याच्या कपाटात होता.

दोघंही मराठीच बोलत होते आणि चूक माझ्या शब्दाची होती. आपण चेक दिला, आपल्या पुस्तकात तो बँकेतून गेला, पण समोरच्याने अजून टाकला नाही, तर त्याला मराठीत काय म्हणावं? याच्या उलट, आपण बँकेत भरलेला पण खात्यावर न दिसणारा चेक मी ‘वाटेवरचा भरणा’ असा लिहिला होता. तो मालकांना लगेच कळला.

शब्दनिष्ठ
चेक नव्हे, धनादेश. आणि परत आलेल्यासाठी ‘अनादर’ हा कायद्याच्या मराठीतला रुळलेला शब्द आहे. १८८१च्या कायद्याच्या कलम १३८ची नोटीस मराठीत निघते तेव्हा ‘धनादेशाचा अनादर’ असंच लिहितात. परत आलेला तो ‘अनादरित’ आणि राहिलेला तो ‘न वटलेला’ असं ठरवलं की घोटाळा संपला. शब्द बरोबर होता, वाचणाऱ्याला सवय नव्हती.

साखरपेठ
सवय कुणाची धरायची? आमच्या घरी ‘चेक वटला नाही’ म्हटलं की आई कपाळाला हात लावायची. वटला नाही म्हणजे बाऊन्स, दुसरा अर्थच नाही. ‘त्याचा चेक वटला नाही’ हे माणसाची पत सांगणारं वाक्य आहे. आमच्या शेजारी तेलुगू बोलणारे विणकर, ते म्हणतात ‘चेक पास कालेदु’. कन्नडवाले म्हणतात ‘पास आगिल्ल’. तिन्ही भाषांत हीच अडचण : अजून झाला नाही की होणारच नाही, ते कळत नाही.

वडाचंझाड
वटणे हा शब्द वटवृक्षावरून आला. सावकार वडाखाली बसून हुंड्या वटवायचे. माझे आजोबा असंच सांगायचे.

शब्दनिष्ठ
आजोबांचा मान राखून सांगतो, मला हे पटत नाही. वटाव, वटवणे हे सगळं अदलाबदलीचं कुटुंब आहे. एक देऊन दुसरं घेणं. झाडाचा संबंध नंतर कुणीतरी जोडला असावा.

शिल्लकपुढे
मी तीस वर्षं पेढ्यांचे आणि कारखान्यांचे हिशेब तपासले आहेत. शब्द ठरवण्याआधी आकडे बघू द्या. पूर्वभागकर, पुस्तकी शिल्लक किती, बँकेची किती आणि फरकात काय काय आहे?

पूर्वभागकर
ताई, ३० नोव्हेंबरला आमच्या पुस्तकात बँकेची शिल्लक १,८६,४००. बँकेच्या उताऱ्यावर २,१४,९९६. म्हणजे बँकेत २८,५९६ जास्त.

सूतवाल्याला दिलेला ४८,५००चा आणि रंगवाल्याला दिलेला १२,७५०चा चेक बँकेत आलेला नाही. मिळून ६१,२५०. पंढरपूरच्या एका दुकानाचा ३५,०००चा चेक आम्ही शनिवारी २९ तारखेला संध्याकाळी बँकेच्या पेटीत टाकला, ३० तारखेला रविवार. तो उताऱ्यावर १ डिसेंबरला दिसतो. बँकेने जीएसटीसकट ३५४ रुपये शुल्क कापलं, ते आमच्या पुस्तकात नव्हतं. एवढं धरूनही २,७०० रुपये जुळत नाहीत. बँकेत जास्त आहेत.

हिशेबीबाबा
इतका त्रास कशाला घेता? बँकेचा आकडा खरा. तुमच्या पुस्तकात २८,५९६ची एक नोंद टाका, शिल्लक सारखी होईल. बँक काय खोटं बोलते?

शिल्लकपुढे
बाबा, तुमचं एका बाजूने खरं आहे. ३५४ रुपये पुस्तकात टाकायलाच हवेत, कारण ते खरंच गेले आणि आपल्याला माहीत नव्हतं. पण ६१,२५०ची नोंद केलीत तर मोठी चूक होईल. ते चेक आपण दिलेत, सूतवाला कधीही टाकेल. आज पुस्तकात शिल्लक वाढवली आणि मालकांनी ती खर्च केली, तर परवा सूतवाल्याचा चेक खरोखरच परत जाईल. ज्या गोष्टीची मालकांना भीती वाटली ती अशी घडते.

म्हणून पत्रकात दोन गट वेगळे राहिले पाहिजेत. एका गटात फक्त वेळेचा फरक असतो : दिलेले चेक आणि भरलेला चेक. त्यांची आपल्या पुस्तकात नोंद आधीच झालेली आहे, पुन्हा काही करायचं नसतं, पुढच्या महिन्यात ते बँकेत दिसतात का एवढं बघायचं. दुसऱ्या गटात आपल्याकडून राहिलेलं किंवा चुकलेलं असतं, त्याची नोंद करावी लागते. मला शब्दही असा हवा की ओळ वाचताक्षणी कळावं, ही कुठल्या गटातली. ‘न वटलेले’ यात ते कळत नाही.

आता २,७००बद्दल. २,७००ला ९ने पूर्ण भाग जातो. तो गेला की आधी अंकांची अदलाबदल शोधायची. एनईएफटीने आलेल्या रकमा एकेक करून बघा.

बचतगटवाली
माझाही हाच प्रश्न आहे. आमच्या गटाच्या वहीत १८,२०० आणि पासबुकावर १४,२००. सगळ्याजणी माझ्याकडे बघतात. काय करू?

शिल्लकपुढे
ताई, पासबुकावर शेवटची छापलेली तारीख बघा. ती जुनी असेल तर आधी छापून आणा. जुळवणी एकाच तारखेच्या दोन शिल्लकांची असते. वहीतली आजची आणि पासबुकातली दिवाळीआधीची, तर त्या जुळणारच नाहीत.

साखरपेठ
‘जुळवणी’च का म्हणायचं? आमच्याकडे ‘ताळमेळ’ म्हणत. ताळा हा हिशेबाचाच शब्द आहे : ताळा पाहणे, ताळेबंद. आणि मेळ रोजमेळात आहेच. जुळवणी म्हटलं की आकडा ओढूनताणून जुळवल्यासारखं वाटतं, तो नुकताच बाबांनी सांगितला तसा.

शब्दनिष्ठ
अकरावीच्या पुस्तकात ‘बँक जुळवणी पत्रक’ आहे. मुलं तेच शिकतात. पण ताळ्याबद्दल सहमत. नऊचा ताळा आम्हाला शाळेत शिकवला होता. अंकांची बेरीज करून गुणाकार तपासायचा.

शिल्लकपुढे
आणि तो ताळा इथे नेमका फसतो. अंकांची जागा बदलली तरी त्यांची बेरीज तीच राहते, म्हणून नऊच्या ताळ्याला ही चूक दिसत नाही. त्याच कारणाने फरकाला ९ने भाग जातो. पण ९ने भाग गेला म्हणजे अदलाबदलच झाली, असं नाही. एखादी २,७००ची रक्कम निव्वळ राहूनही गेली असेल. शोध तिथून सुरू करायचा एवढंच.

पूर्वभागकर
सापडली ताई! लातूरहून आलेले २७,४५० मी २४,७५० लिहिले होते. २,७०० बरोबर. आता १,८६,४००मध्ये ६१,२५० आणि २,७०० मिळवले, ३५,००० आणि ३५४ वजा केले, की २,१४,९९६ येतात. त्यातल्या २,७०० आणि ३५४च्या नोंदी पुस्तकात टाकल्या, त्यामुळे पुस्तकी शिल्लक १,८८,७४६ झाली. उरलेला फरक फक्त चेकांचा.

वडाचंझाड
‘वाटेवरचा भरणा’ आता जुना झाला नाही का? ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकचं क्लिअरिंग दिवसभर सतत चालतं. सकाळी भरला तर संध्याकाळी जमा. वाट उरलीच कुठे?

शिल्लकपुढे
काउंटरवर वेळेत भरलेल्याची वाट खरंच आखूड झाली, हे बरोबर. पण यांचा चेक शनिवारी संध्याकाळी पेटीत पडला, तो सोमवारपर्यंत पेटीतच होता. म्हणून वाट अजून आहे. उलट आता भरणा चार-चार दिवस ‘वाटेवर’ दिसला तर मी थांबून विचारते : पावती कुठे आहे, चेक खरंच भरला का, की टेबलाच्या खणात राहिला? दुसऱ्या बाजूला, दिलेल्या चेकला क्लिअरिंग कितीही जलद झालं तरी फरक पडत नाही. तो घेणाऱ्याच्या कपाटात आहे, बँकेत नाही.

हिशेबीबाबा
तो चेक तीन महिने कपाटात राहिला तर बाद होतो. मग ती रक्कम सरळ उत्पन्नात धरायची. आम्ही तसंच करायचो.

शिल्लकपुढे
तीन महिन्यांचं बरोबर, १ एप्रिल २०१२ पासून. पूर्वी सहा महिने चालत. पण बाद कागद होतो, देणं बाद होत नाही. सूतवाल्याचे पैसे आपण अजून द्यायचेच आहेत. म्हणून बँक नावे करायची आणि रक्कम सूतवाल्याच्या खात्यावर परत जमा दाखवायची. उत्पन्नात धरलीत तर त्याचं येणंच पुस्तकातून पुसलं जाईल.

शब्दाचं माझं मत असं : दिलेल्या चेकच्या तीन अवस्था आहेत. घेणाऱ्याने टाकलाच नाही, टाकला पण अजून पास व्हायचाय, आणि परत आला. ‘न वटलेला’ तिन्हींना चालतो, म्हणून पत्रकात तो नको. मी लिहायचे, ‘दिलेले, बँकेत न आलेले चेक’.

शब्दनिष्ठ
हे वर्णन झालं, संज्ञा नव्हे. ‘अप्रस्तुत धनादेश’ का नाही? बँकेपुढे प्रस्तुत न केलेला.

साखरपेठ
अप्रस्तुत म्हणजे मराठीत विषयाला सोडून असलेलं. मालकांना पुन्हा फोन करावा लागेल.

पूर्वभागकर
डिसेंबरच्या पत्रकात ताईंचं वाक्य घातलं. मालकांनी वाचलं आणि विचारलं, “बँकेत न आलेले म्हणजे आपल्याला मिळालेले पण न भरलेले का?” ‘दिलेले’ हा शब्द त्यांच्या नजरेतून सुटला होता. आता मी ओळीच्या सुरुवातीलाच नाव लिहिणार आहे : ‘सूतवाल्याकडे असलेला आपला चेक’. शब्द तरी अजून सापडलेला नाही.

बचतगटवाली
पासबुक छापून आणलं. १७,७०० आहे. पाचशे अजून कमी आहेत.