मदत हवी आहे: जुन्या फायलींतून अडकलेली अनामत शोधायची आहे

बाबांच्या रस्त्यांच्या ठेक्यांच्या 40 फायली स्कॅन केल्या आहेत. कोणत्या कामाची कापलेली सुरक्षा ठेव अजून मिळालेली नाही, हे मला शोधायचं आहे.

एका कामाचं उदाहरण देतो. कार्यारंभ आदेश 18 लाखांचा, पण अंतिम बिल 16,40,000 चं झालं. प्रत्येक बिलातून 5 टक्के कापले, म्हणजे 82,000 रुपये. दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामात दोष निघाला तर ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याचा काळ, 24 महिने; तो संपला की ठेव परत मिळायची. मी आधी आदेशातली मुदत धरून तारीख काढली आणि चुकलो. कामाला मुदतवाढ मिळाली होती, आणि करारानुसार कालावधी प्रत्यक्ष काम पूर्ण झाल्यापासून मोजायचा होता. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर ती तारीख 12 मार्च 2021, म्हणून ठेव मार्च 2023 मध्येच देय झाली. बँकेच्या खात्यात मात्र ती जमा दिसत नाही.

अडचण अशी की पूर्णत्वाच्या दाखल्यावर अनेकदा दोन तारखा असतात: काम संपल्याची आणि दाखला दिल्याची. Tesseract `mar+eng` लावून मजकूर काढला, तर शिक्क्याखालची तारीख बिघडते आणि १ व ९ यांची गल्लत होते. योग्य तारीख खात्रीने कशी उचलायची? मोजमाप पुस्तकातल्या नोंदीशी पडताळणी कुणी केली आहे का?