मदत हवी आहे : पॅकिंगला माणसे वाढवूनही ऑर्डरी वेळेत निघत नाहीत

अंबडकर : अंबडला आमचे मसाले आणि चिवड्याचे गोदाम आहे. रोज सुमारे ३०० ऑनलाइन ऑर्डरी येतात, परंतु संध्याकाळी पाचला कुरियरची गाडी येते तेव्हा जेमतेम २१० पार्सले तयार असतात. माल काढलेल्या क्रेटांचा ढीग पॅकिंगपुढे लागतो, म्हणून तिथे चाराची सहा माणसे केली, तरी आकडा हलला नाही. बॉटलनेक नेमका कुठे आहे? दिवाळी तोंडावर आहे, कृपया लवकर सांगावे.

सातपूरकर : ढीग जिथे लागतो तिथेच बॉटलनेक असतो. नवी माणसे अजून शिकत असतील. आणखी एक टेबल टाका.

हिशेबी : पॅकिंगनंतर काय होते, हे आपण लिहिलेलेच नाही.

अंबडकर : पुढे एकच मुलगा वजन करून बिल काढतो आणि लेबल लावतो. तासाला तीसेक पार्सले होतात. त्याच्यापुढे वीसपेक्षा जास्त पार्सले कधीच नसतात, म्हणून त्याचा उल्लेख केला नाही.

हिशेबी : त्याच्या टेबलावर मावतातच तेवढी, हे त्यामागचे कारण असावे. टेबल भरले की पॅकिंगवाल्यांना तयार पार्सल ठेवायला जागा उरत नाही, त्यांचे हात थांबतात आणि ढीग एक पायरी मागे, त्यांच्यापुढे दिसू लागतो. जेवणाची सुट्टी सोडून सात तास धरले, तर तासाला तीसप्रमाणे बरोबर २१० होतात. खात्री करायची असेल, तर दुपारी पॅकिंगवाल्यांकडे पाहा : ढीग समोर असताना ते रिकामे उभे असतील, तर अडचण त्यांच्या पुढे आहे.

द्राक्षबागायतदार : पिंपळगावच्या आमच्या पॅकहाउसमध्ये प्रीकूलिंगचीच खोली अडते. आपल्या शीतगृहाची क्षमता किती आहे?

सातपूरकर : चिवड्याला शीतगृह कशाला? दुसरा प्रिंटर आणि माणूस घ्या, विषय संपला.

हिशेबी : खर्च नंतर करावा. आधी त्या मुलाचा वेळ कुठे जातो ते पाहा.

अंबडकर : पाहिले. पॅकिंगवाले खरोखरच उभे होते. तो मुलगा मात्र दुकानदारांचे फोनही घेतो आणि लेबलचा रोल आणायला स्वतः मागच्या खोलीत जातो.

हिशेबी : फोन दुसऱ्याकडे द्या, रोल टेबलापाशी ठेवा आणि त्याच्या जेवणाच्या वेळी पॅकिंगमधला एक जण तिथे बसवा. मग वेग समजा ३५ वर गेला, तर आठ तासांत २८० होतील. क्रेटही त्याच वेगाने सोडा, सकाळी एकदम नकोत. नाहीतर तातडीची ऑर्डर ढिगाच्या तळाशी अडकते.

सातपूरकर : म्हणजे वीस राहिल्याच. प्रिंटर लागणारच.

हिशेबी : कदाचित लागेल. तो मुलगा तास आधी आला तर ३१५ होतात, मात्र तेवढ्या लवकर त्याला पॅक केलेला माल मिळेल का, हे अंबडकरांनी सांगावे.

अंबडकर : आदल्या संध्याकाळी पॅक केलेला माल शिल्लक ठेवता येईल, पण उशिरा बदललेल्या ऑर्डरींचे काय करायचे?