मदत हवी आहे: ओढणी सक्तीची, गळे तीन तऱ्हेचे आणि घाम एकच

खडूफळा

नमस्कार. राहायला ठाण्यात, शाळा ऐरोलीत. शाळेत शिक्षिकांनी कुर्त्यावर ओढणी घ्यायचीच असा नियम आहे. तो बरोबर की चूक हा वाद इथे नको, मला नोकरी करायची आहे. अडचण वेगळीच आहे. वर्गात पंखे दोन आणि चालतो एक. दिवसाचे सहा तास फळ्यावर लिहायचं, म्हणजे उजवा हात सारखा वर. ओढणी पुढून छातीवर घेऊन दोन्ही टोकं मागे सोडते, कॉलेजपासूनची सवय. पण दहा मिनिटांत ती सरकत गळ्याशी येते आणि फास बसल्यासारखं वाटतं. दोन्ही खांद्यांवर पिना लावून पाहिल्या, तर हात वर केला की कुर्ताच ओढला जातो. परवा बाहीच्या शिलाईपाशी टरकन आवाज आला, पाचवी ब हसली.

माझ्याकडे रोजचे कुर्ते तीन प्रकारचे आहेत: बोट नेक, स्टँड कॉलर आणि जरा खोल व्ही गळा. ओढण्या सगळ्या अडीच मीटरच्या, निम्म्या जॉर्जेट, निम्म्या मलमल. मान आणि पाठ मोकळी राहील, हात हलेल आणि वह्या तपासायला वाकलं तरी गळ्याकडे लक्ष द्यावं लागणार नाही, असं काही आहे का?

सुती_सखी

अगं, जॉर्जेट आधी बाद कर! शुद्ध सुती ओढणी घे, जांभळी नाक्याला ढीग मिळतात. आणि कांजी कर, मग ती जागची हलत नाही. पन्नास टक्के प्रश्न कापडाचाच असतो, उरलेला मनाचा.

स्कूटीवरून

मी नेरूळ ते बेलापूर रोज स्कूटीवर जाते. ओढणी त्रिकोणी दुमडून डोक्यावरून घ्या, दोन्ही टोकं मागे नेऊन मानेवर गाठ मारा, वर गॉगल. ऊन लागत नाही, धूळ नाही. मात्र लोंबतं टोक ठेवू नका, चाकात जातं.

खडूफळा

@स्कूटीवरून, आभारी आहे, पण असं बांधून वर्गात गेले तर मुलं पळतील. मी ट्रेनने जाते हो.
@सुती_सखी, मलमलचीसुद्धा गळ्याशी येतेच की. घाम टिपते एवढं खरं.

पिकोफॉलवाली

खडूफळाताई, माझं कोपरखैरण्यात छोटं शिवणकाम आहे, त्यामुळे तुमच्यासारखी उसवलेली बाही महिन्यातून दोन-तीन तरी येते.

आधी ती गळ्याशी का येते ते बघा. अडीच मीटर म्हणजे साधारण 98 इंच. पुढे छातीवर जो झोका राहतो त्यात जेमतेम 26 इंच जातात. उरलेली 72 इंच पाठीमागे लोंबतात, दोन्हीकडे 36-36. मागचं वजन पुढच्याच्या जवळजवळ तिप्पट, मग ते पुढचं वर खेचणारच, आणि जायला जागा म्हणजे तुमचा गळा. जॉर्जेट घसरते म्हणून लवकर येते, मलमल अडखळत येते. सखीताईंचं कापडाबद्दल बरोबर आहे, पण कापड बदलून ही ओढ जात नाही. कांजी मात्र नको. कडक ओढणी सकाळी छान दिसते, पण कांजीने विणीतली भोकं बुजतात, वारा लागत नाही, आणि दुपारपर्यंत घामाने ती चिकट होते.

आता पिनेचं. हात वर केला की खांद्याचं टोक, म्हणजे बाही जोडतात ती जागा, बरीच उचलली जाते. मानेजवळचा भाग फारसा हलत नाही. बहुतेक जणी पिन टोकाला लावतात, म्हणून कुर्ता ओढला जातो. पिन मानेच्या बाजूला, गळ्याच्या कडेपासून दोन बोटं अंतरावर लावा, तीही खांद्याच्या शिलाईतच. तिथे कापड दुहेरी असतं, फाटत नाही. लावताना हात फळ्यावर लिहिताय तसा वर धरा आणि मगच पिन बंद करा. आणि एकच पिन, एकाच खांद्यावर. तुम्ही उजव्या हाताने लिहिता ना, मग डावा खांदा.

पिनेत आधी एक छोटा मणी ओवा, तो मागच्या वेटोळ्यापाशी जाऊन बसतो. मलमलचा धागा त्या वेटोळ्यातच अडकतो आणि मग भोक पडतं.

खडूफळा

हे कुणी आधी सांगितलं असतं तर! मी टोकालाच लावत होते. पण व्ही गळ्याचं काय? डाव्या खांद्यावर निऱ्या घातल्या की उजवीकडून गळा उघडाच राहतो, आणि मी तर वाकते.

पिकोफॉलवाली

व्ही गळ्याला आडवी घ्या. मधला भाग डाव्या खांद्यावर, मानेजवळ, एक पिन. पुढचं टोक छातीवरून तिरकं उजव्या कंबरेकडे, मागचं पाठीवरून तिरकं तिथेच, आणि उजव्या बाजूला दोन्हींची सैल गाठ. गाठ कंबरेच्या बारीक जागी मारू नका, चार बोटं खाली, कुर्त्याचा कट सुरू होतो त्याच्या जरा वर. खांद्यापासून तिथवर पुढून 28 आणि मागून 28 इंच धरा. 98 मधून 56 गेले, 42 उरले, म्हणजे गाठीखाली 21-21 इंच लोंबतील, पायात येत नाहीत.

ओढणीची वरची कड व्ही झाकून जाते. वाकलं तरी पुढे लोंबत नाही, कारण खाली बांधलेली असते. मान आणि उजवा खांदा पूर्ण मोकळा. गरम होईल ते फक्त गाठीपाशी. जॉर्जेटची गाठ सुटते, तिथे गाठीऐवजी दोन्ही टोकं कुर्त्याच्या बाजूच्या शिलाईला पिनेने धरा. आणि जेवायला बसण्याआधी गाठ पुढे घ्या, नाहीतर खुर्चीच्या हातात अडकते.

माईंची_लेक

मला खांद्यावर पर्स असते, डाव्याच खांद्यावर. पिन आणि पट्टा एका जागी, दोन ओढण्या फाडून झाल्या. शिवाय रजोनिवृत्तीचे वाफारे. माझ्यासारखीने काय करायचं? मी तर आता ओढणी घडी करून हातावर टाकते, नियम असला तरी.

पिकोफॉलवाली

माई, पर्स उजवीकडे! सवय चार दिवसांत लागते. नाहीच लागली तर ओढणी उजव्या खांद्यावर घ्या, तुम्हाला फळा नाहीये.

बंड्या_वर्तकनगर

मी बायकोच्या वतीने वाचतोय. हा नियमच रद्द करायला निवेदन द्या की सगळ्या शिक्षिकांनी मिळून.

खडूफळा

द्यायचंय. तोवर उद्या सकाळी 6:40 ला घरातून निघायचं आहे. स्टँड कॉलरबद्दल कुणीतरी बोला.

पिकोफॉलवाली

स्टँड कॉलरला गळ्याभोवती काहीच घेऊ नका. कॉलर हीच मानेवरची एक पट्टी, वर ओढणी म्हणजे मफलर झाला. तिथे झाकायचंही काही नाही, ओढणी केवळ नियमाला. म्हणून ती जितकी कमी तितकी बरी.

एक हिशोब सांगते. 36 इंच पन्ह्याच्या ओढणीला चार इंची निऱ्या घातल्या की खांद्यावर नऊ थर होतात. बाकी अंग मोकळं, पण तेवढी जागा भिजते. मी स्वतःसाठी काय केलं, तर मलमलची एक ओढणी उभी मधोमध कापली आणि दोन्ही कडांना पिको करून घेतला. 18 इंच पन्ह्याच्या दोन झाल्या. साडेचार इंची निऱ्या घातल्या की चारच थर. लांबीही दोन मीटरवर आणली, पुढे-मागे 39-39 इंच, कुर्त्याच्या घेराच्या थोडी वर संपते. कॉलरच्या मुळापासून एक बोट सोडून पिन लावा, कॉलरला टेकवली तर ती बाहेर फाकते.

कापलेली अर्धी ओढणी आडवी घेऊ नका मात्र. तेवढ्या पन्ह्यात व्ही झाकला जात नाही, सारखी ओढत बसाल.

सुती_सखी

बापरे, ओढणी कापायची? काठ असेल तर? माझा जीव नाही होणार. कोटा दोरिया घ्या त्यापेक्षा, जाळीदार विणीची असते, थर झाले तरी वारा जातो.

पिकोफॉलवाली

काठाची कापू नकाच, साधी रोजची कापा. कोटा दोरिया चांगलीच, हे मान्य. पण ती विरळ असते, पिनेने धागे सरकतात. पिन काठात लावा, मधल्या जाळीत नको. आणि गाठ मारायला ती बरी नाही.

खडूफळा

(चार दिवसांनी)

रिपोर्ट देते. व्ही गळा आणि आडवी ओढणी: सोमवारी मलमल घेऊन गेले, सहा तासांत एकदाही हात लावला नाही. ट्रेनमध्ये वर कडीला धरलं तरी ओढ नाही. दिघा गाव येईपर्यंत एका मैत्रिणीने विचारूनही घेतलं. जॉर्जेटची गाठ खरंच सुटली, तिसऱ्या तासाला. आता बाजूला पिना.

स्टँड कॉलर: कापायला धीर झाला नव्हता म्हणून पूर्ण पन्ह्याच्या नऊ थरांनी गेले. डावा खांदा ओला होऊन कुर्त्यावर डाग दिसायला लागला. काल एक जुनी मलमल कापून पिकोला टाकली आहे.

बोट नेक मात्र फसला. मानेपासून दोन बोटं म्हणताय, पण तिथे कुर्त्याचं कापडच नाही! गळा रुंद, खांद्याची शिलाई जेमतेम अडीच-तीन इंच उरते. पिन मधोमध लावली, तर दुपारपर्यंत ओढणीच्या वजनाने गळा डावीकडे घसरला आणि आतली पट्टी दिसायला लागली. नववीतल्या मुलीने हळूच येऊन सांगितलं, देव तिचं भलं करो.

पिकोफॉलवाली

बोट नेकचं दुखणं हेच, हात वर केला की हलणारी जागा तेवढीच पिनेला उरते. एक उपाय आहे. खांद्याच्या शिलाईला आतून छोटी पट्टी, तिला टिचबटण, त्यात आतली पट्टी अडकवायची. मग गळा सरकत नाही. शिंप्याकडे दहा मिनिटांचं काम. त्यावर हलकी, कापलेली मलमलच घ्या.

माईंची_लेक

टिचबटणाने माझा तरी गळा धरला नाही, उलट हात वर केला की आतून काचलं. खांदे उतरते असतील तर बहुतेक नाही जमत.

पिकोफॉलवाली

पट्टी आखूड झाली असेल माई, आत एक बोट सैल फिरायला हवं. पण उतरत्या खांद्यांना बोट नेक आणि ओढणी जुळवताना मलाही दरवेळी जमलेलं नाही, हे खोटं कशाला बोलू. खडूफळाताई, तुमचे खांदे कसे आहेत?

खडूफळा

उतरते. आरशात आत्ताच पाहून आले.

पिकोफॉलवाली

मग टिचबटण एकाच कुर्त्याला लावून बघा, सगळ्यांना नको. नाही जमलं तर तो कुर्ता शनिवारी, अर्ध्या दिवसाच्या शाळेला.